स्लॅबच्या तराईला टँकर किती लागतात, आणि आमचा टँकर रिकामा कुठं करायचा

उन्हाळ्यात स्लॅब टाकणाऱ्या जवळपास प्रत्येक घरून आम्हाला एकच प्रश्न येतो, "भाऊ, टँकर किती लागतीन?" त्याचं उत्तर खाली दिलं आहे. पण खरा घोळ होतो तो टँकर दारात आल्यावर, म्हणून तेही सांगतो.

पंचवीस बाय तीस फुटांचा स्लॅब घ्या, म्हणजे 750 चौरस फूट. आळी करून दोन इंच पाणी भरायचं तर एका भरण्याला साधारण 3,500 लिटर लागतात. मे महिन्यात आपल्याकडे उघड्यावरच्या पाण्याची दिवसाला सेंटीमीटरभर तरी वाफ होते. एवढ्या स्लॅबवर ते रोजचे 700 लिटर झाले. चौदा दिवसांचा हिशेब केला तर भरण्याचं पाणी धरून 13,000 लिटरच्या वर जातं. सेंट्रिंगच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी धरून आम्ही पाच हजार लिटरचे तीन टँकर सांगतो. थंडीत वाफ निम्म्याहून कमी होते, तेव्हा दोन पुरतात. माल कालवायला लागणारं पाणी यात धरलेलं नाही. ते ठेकेदाराला वेगळं विचारा.

चौदा दिवस ऐकून काही जण म्हणतात, पाणी विकायचं म्हणून सांगता. साध्या ओपीसी सिमेंटला भारतीय मानकाप्रमाणे किमान सात दिवस लागतात, पण हवा कोरडी आणि गरम असली तर किमान दहा. दुकानातून बहुतेक जण जे पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट आणतात, त्यालाही किमान दहाच, आणि चौदापर्यंत चालू ठेवावं अशी शिफारस आहे. राखेचं सिमेंट ताकद हळू धरतं, म्हणून त्याला ओल जास्त दिवस लागते. पोत्यावर काय छापलंय ते बघा आणि मगच आमच्याशी भांडा.

आता मुद्द्याचं. टँकर आला की पाच हजार लिटर एकदम येतं. स्लॅबवर चढतं साडेतीन हजार, तेही आळी तयार असली तर. उरलेलं कुठं ठेवणार? घरचे दोन ड्रम भरतात, शेजारी बादल्या घेऊन येतात, आणि ट्रॅक्टर दीड-दोन तास उभा राहतो. तेवढ्यात दुसऱ्या गावचा स्लॅब वाळत असतो. म्हणूनच आम्ही अर्ध्या तासानंतर थांबण्याचे पैसे लावतो. त्यावरून कुरकुर होते, पण ते पैसे द्यायची वेळच येऊ नये, हीच आमची इच्छा आहे.

उपाय सोपा आहे. सात बाय सात फूट आणि चार फूट खोल खड्डा खणा, आत जाड ताडपत्री अंथरा. एक टँकर त्यात आरामात बसतो. खड्डा पायव्यापासून दहा-बारा फूट तरी लांब घ्या, कारण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि पायव्याला त्रास देते. वर फळ्या टाका, घरात लहान पोरं असतात. मग छोट्या मोटरनं रोज लागेल तेवढंच पाणी वर चढवा. पहिला टँकर स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी खड्ड्यात, दुसरा तिसऱ्या दिवशी, तिसरा दहाव्या दिवशी, असं बसतं.

स्लॅब संध्याकाळी संपला की लगेच पाणी सोडू नका, वरचं सिमेंट धुऊन जाईल. रात्री ओली बारदानं किंवा प्लास्टिक झाका. सकाळी पायाचा ठसा उमटत नसेल तर आळी घाला. आळी लहान, चार-पाच फुटांची करा. स्लॅबला उतार असतो, मोठं आळं केलं तर सगळं पाणी एका कोपऱ्यात जमतं आणि वरची बाजू दुपारी पांढरी पडते. ती पांढरी जागाच पुढं भेगाळते.

रात्री झोपताना आळ्यात काडी रोवून खूण करा. सकाळपर्यंत पाणी बोटभर उतरलं, तर ती वाफ नाही, गळती आहे. टँकर वाढवण्याआधी आळ्याच्या कडा लिंपा.

भिंतीवर पाणी थांबत नाही, त्यामुळे तिथं भसाभस मारून उपयोग नाही. दिवसाला शंभर चौरस फूट बांधकाम होत असेल, तर दोन्ही बाजूंना दिवसातून चार वेळा हलकं शिंपडायला साधारण शंभर लिटर लागतात. प्रत्येक दिवसाचं काम किमान सात दिवस ओलं ठेवायचं असतं, म्हणून एका वेळी आठवडाभराचं बांधकाम तराईखाली असतं आणि रोजचा खर्च पुन्हा सातशे लिटरच्या आसपासच येतो. तोच खड्डा इथं कामाला येतो.

खारपाण पट्ट्यातल्या गावांना एक सांगणं. बोअरचं पाणी खारट लागत असेल तर ते स्लॅबवर मारू नका, क्षारांनी सळईला गंज चढतो. आमच्या टँकरमध्ये गोड्या विहिरीचंच पाणी असतं. विहिरीवरची लाइट रात्रीची असली की आम्ही रात्रीच भरून ठेवतो, तरी एप्रिल-मे महिन्यात दोन दिवस आधी सांगा. फोन करताना स्लॅबची लांबी-रुंदी, सिमेंट कोणतं, आणि खड्डा झाला की नाही, एवढं सांगितलं की टँकर कधी पाठवायचे ते आम्ही ठरवून देतो.