‘खेझेलख’: एका डच शब्दात तीन अर्थ कसे आले

डच माणूस खोलीला ‘खेझेलख’ म्हणतो, शेजारणीला म्हणतो, काल रात्रीच्या जेवणाला म्हणतो आणि शनिवारच्या बाजारातल्या गर्दीलाही म्हणतो. (उच्चारात पहिला ‘खे’ ओझरता, जोर ‘झे’वर, ‘झ’ माझा-तुझामधला आणि दोन्ही ‘ख’ घशातून घासत येणारे.) शब्दकोशात त्याच्यापुढे ऊबदार, मनमिळाऊ आणि आनंददायक असे तीन वेगळे अर्थ सापडतात. डच कानाला मात्र तो एकच अर्थ वाटतो, आणि त्याचं कारण शब्दाच्या जन्मात आहे.

‘खेझेल’ म्हणजे सोबती. त्यातला ‘खे’ हा ‘सह’ सुचवणारा जुना जर्मानिक उपसर्ग. उरलेला भाग ‘झाल’ म्हणजे दालन, या शब्दाच्या नात्यातला. एका दालनात राहणारे ते खेझेल. आपला ‘सहवास’ अगदी याच रीतीने घडला आहे. (त्याच जर्मानिक दालनाचं इटालियन आणि फ्रेंचमधून ‘सालों’ झालं, आणि पुढे इंग्रजीमार्गे ते आपल्याकडे केस कापायचं सलून बनलं.)

कारागिरांच्या जुन्या संघांत शिकाऊ, खेझेल आणि उस्ताद अशा तीन पायऱ्या असत. काम शिकून तयार झालेला, पण अजून स्वतःची कार्यशाळा नसलेला कारागीर म्हणजे खेझेल. नेदरलँड्समध्ये १७९८च्या राज्यघटनेने हे संघ मोडीत काढले, तरी शब्द टिकला: अविवाहिताला आजही ‘व्रेइखेझेल’, म्हणजे ‘मोकळा खेझेल’ म्हणतात.

विशेषण झाल्यावर हा शब्द आधी माणसाला लागला: सोबत्यासारखा, संगतीत रमणारा. माणसांवरून तो त्यांच्या बैठकीकडे गेला, आणि बैठकीवरून ती जिथे रंगते त्या जागेकडे. जर्मन भाषेत याच कुळातला ‘गेझेलिश’ माणसं आणि बैठक इथवरच थांबला. जागेच्या उबेसाठी जर्मनांनी मनाच्या शब्दापासून ‘गेम्यूटलिश’ घडवला. डचांनी मात्र सोबतीचाच शब्द दिवाणखान्यापर्यंत नेला. आपला ‘सहवास’ही माणसांपाशीच राहिला. सहवास सुखाचा असतो, पण सोफा ‘सहवासी’ होत नाही.

म्हणूनच ‘ऊबदार’ या भाषांतरात चूक होते. नुसत्या छोट्या, मऊ, उबदार जागेसाठी डचमध्ये ‘क्नस’ हा वेगळा शब्द आहे. खेझेलख जागेत माणसं बसलेली असतात, किंवा बसावीशी वाटतील अशी ती मांडलेली असते. मेणबत्त्या लावलेलं पण रिकामं हॉटेल ‘ओनखेझेलख’, म्हणजे याच्या उलट ठरू शकतं. भगभगीत दिव्यांचं बटाट्याच्या तळणाचं दुकान, ओळखीच्या लोकांनी भरलेलं असेल, तर खुशाल खेझेलख असतं. गर्दीचंही तेच. ‘खेझेलख द्रक’ म्हणजे गर्दी भरपूर, पण हवीशी. इथे ‘ऊबदार गर्दी’ लिहिलं तर वाचकाला उकाडा वाटेल.

मराठीत आणताना शब्द कुठल्या नामाला लागलाय, याहून तो कोण, कुणाला, कधी म्हणतंय हे आधी पाहावं. पाहुणा दारात चपला घालताना म्हणाला, तर ते ‘मजा आली, छान वाटलं’. यजमानाने पाहुण्याला बघून म्हटलं, तर ‘बरं झालं आलास’. कॉफीच्या आमंत्रणात आला, तर तो क्रियाविशेषणासारखा वागतो आणि ‘चल, निवांत कॉफी घेऊ’ एवढ्यात विरून जातो. वेगळा प्रतिशब्द द्यायला गेलं की वाक्य अवघडतं. वादावादीत कुणी ‘खेझेलख ठेवा’ म्हणालं, तर ‘भांडू नका रे’.

सगळ्यात अडचणीचं रूप नकाराचं. लवकर निघणाऱ्याला डच यजमान ‘असा ओनखेझेलख वागू नकोस’ म्हणतो. कोशातला अर्थ घेतला तर ‘असा असंगत वागू नकोस’ किंवा ‘तू मनमिळाऊ नाहीस’ असं काहीतरी निघतं, आणि प्रेमाच्या आग्रहाचा अपमान होतो. मराठी घरात त्या क्षणी ‘असं काय करतोस, बस की थोडा वेळ’ हेच येईल. त्यात मूळ विशेषण उरत नाही, आग्रह मात्र पूर्ण उतरतो.

कादंबरीत हा शब्द पन्नास पानांत वीसदा आला, तर प्रसंगागणिक बदललेली ही मराठी रूपं प्रत्येक ठिकाणी बरोबर असूनही एक गोष्ट हरवते: त्या घरात सगळ्या चांगल्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात, हे वाचकाला कळत नाही. पात्रांचा या शब्दावरच वाद होत असेल, किंवा एखादं पात्र त्याला कंटाळलं असेल, तर मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवून पहिल्या वापरापाशी प्रसंगातूनच त्याचा अर्थ उलगडावा. एरवी रूपं बदलू द्यावीत.