पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही

घर बदलताना राउटर नव्या घरी पोचतो आणि त्याचा चार्जर मात्र कुठे जातो ते कळत नाही. माझी मावसबहीण ऐरोलीहून खारघरला राहायला गेली तेव्हा तेच झालं. खोक्यांतून सेट-टॉप बॉक्सचा एक चार्जर निघाला, जुन्या मॉनिटरचा एक निघाला, आणि दोघांची गोल पिन राउटरमध्ये जात होती. "दादा, यातला कुठलाही लावू ना?" तिने फोनवर विचारलं. मी म्हटलं, आधी काही लावू नकोस, राउटर उलटा करून लेबल वाच.

लेबलवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेलं होतं. व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळायला हवा, कारण तो चार्जर राउटरवर लादतो. अँपिअरचं उलट आहे: राउटर लागेल तेवढाच करंट ओढतो, त्यामुळे चार्जरवर १ किंवा त्याहून जास्त कितीही अँपिअर असले तरी चालतं, कमी मात्र नको. मॉनिटरचा चार्जर १९ व्होल्टचा निघाला. तो तिथेच बाद. सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट, दीड अँपिअरचा होता, म्हणजे इथवर ठीक.

आता पिन. बाहेरून बघितलं तर दोन्ही पिना सारख्याच, ५.५ मिलिमीटर जाडीच्या. फरक आतल्या भोकात असतो: एकाचं २.१ मिलिमीटर, दुसऱ्याचं २.५. दुकानात "मोठी पिन द्या" म्हटलं की यातली कुठलीही हातात पडू शकते. व्हर्नियरने हे भोक नीट मोजता येत नाही, त्याचे आतले जबडे एवढ्या बारीक भोकात जातच नाहीत. पण मोजायची गरजही नाही. राउटरच्या सॉकेटच्या मध्यभागी एक काडी असते. ती २.५ची असेल तर २.१च्या भोकात शिरणारच नाही, पिन तोंडाशीच अडते. ती २.१ची असेल तर २.५चं भोक तिच्यावर सहज जातं, पण सैल राहतं. म्हणून आधी २.१ची पिन घालून बघायची, अर्थात चार्जर भिंतीच्या सॉकेटमधून काढून ठेवून. शेवटपर्यंत जाऊन घट्ट बसली तर तीच बरोबर. बहिणीकडे सेट-टॉप बॉक्सची पिन घट्ट बसली आणि मॉनिटरची हलवली की डुगडुगत होती. १९ व्होल्टचा चार्जर १२ व्होल्टच्या राउटरमध्ये शिरतो तो असा.

राहिली पोलॅरिटी. चार्जरच्या लेबलवर मध्ये ठिपका, त्याभोवती अर्धवट वर्तुळ आणि दोन बाजूंना अधिक-उणे अशी खूण असते. ठिपक्याला जोडलेली रेघ अधिककडे गेली असेल तर पिनच्या आत पॉझिटिव्ह, बाहेर निगेटिव्ह. राउटरमध्ये बहुतेक वेळा असंच असतं. गिटारच्या इफेक्ट पेडलचे ९ व्होल्टचे चार्जर मात्र सहसा उलटे असतात. चार्जरचं लेबल पुसलं असेल तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक भोकात, काळं बाहेरच्या धातूला. आकडा १२च्या आसपास आला तर आत पॉझिटिव्ह, त्याच आकड्याआधी उणे दिसलं तर उलट.

पण बहिणीच्या राउटरवर ही खूणच नव्हती, आणि मूळ चार्जर हरवलेला. अशा वेळी राउटरलाच विचारावं लागतं. त्याला यूएसबी पोर्ट होता. त्या पोर्टचा धातूचा कठडा सहसा आतल्या निगेटिव्हला जोडलेला असतो. सगळ्या वायरी काढून मल्टिमीटर बीपवर ठेवला, एक टोक त्या कठड्याला आणि दुसरं सॉकेटच्या आत पिनच्या बाहेरच्या धातूला टेकणाऱ्या पत्रीला लावलं. सलग बीप वाजला. म्हणजे बाहेर निगेटिव्ह, मधली काडी पॉझिटिव्ह. मग काडीलाही लावून बघितलं, बीप आला नाही. (तिथे क्षणभर वाजून थांबला तर तो आतल्या कपॅसिटरचा, तो मोजायचा नाही.) एवढी खटपट करायची कारण उलटा पुरवठा अडवणारा डायोड प्रत्येक राउटरमध्ये असेलच याची खात्री नसते, नसेल तर बटण दाबताक्षणी आतली चिप जाऊ शकते.

सेट-टॉप बॉक्सचा चार्जर परत त्याच्या जागी गेला, पण वाशीच्या दुकानात तो नमुना म्हणून कामी आला: १२ व्होल्ट, १ अँपिअर किंवा जास्त, ५.५ बाय २.१, आत पॉझिटिव्ह.

नवा चार्जर लावल्यावर राउटर मधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असेल तर कारण शोधणं सोपं आहे. वायरीला हात लागताच दिवे जात असतील तर पिन सैल आहे. हात न लावता, घरातले सगळे एकाच वेळी वायफायवर असताना जात असतील, तर बहुधा चार्जर लेबलइतका करंट देत नाही.