सारांश वेगळा, निवाडा वेगळा: पंपाच्या रिव्ह्यूतून ‘घ्या की नको’ कसं काढायचं

पऱ्हाटी गुडघ्याला लागली की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बॅटरीच्या फवारणी पंपांचे व्हिडिओ फिरायला लागतात. व्हिडिओ पंचवीस-सव्वीस मिनिटांचा, बहुतेक वेळा हिंदीत, आणि खाली विचारणा एकच: “भाऊ, अर्धा घंटा कोन पाह्यते? घेऊ का नको, तेवढं सांगा.” मग शिकलेला एखादा पोरगा व्हिडिओखालच्या वर्णनात जाऊन Show transcript दाबतो, सगळा मजकूर कॉपी करतो आणि त्याचे दहा ओळींत गाठोडे बांधून ग्रुपवर टाकतो.

या दहा ओळी बहुतेक वेळा सारांश असतात. मागितलेला असतो तो निवाडा. दोन्ही लहान, दोन्ही एकाच मजकुरातून निघालेले, म्हणून फरक चटकन दिसत नाही. व्हिडिओत काय काय आलं हे सारांश सांगतो, आणि ज्या गोष्टीला व्हिडिओत जास्त वेळ मिळाला तिला तोही जास्त जागा देतो. निवाड्याला वेळेशी घेणंदेणं नसतं. ज्याने पंप पाठीवर घेऊन पाहिला तो कोणाला ‘घे’ म्हणतो, कोणाला ‘नको’ म्हणतो आणि कशाच्या आधारावर, एवढंच त्यात असायला हवं.

असल्या व्हिडिओंचा साचा ठरलेला असतो, म्हणून एक नमुना घेऊ. पंप १६ लिटरचा, बॅटरी १२ व्होल्ट ८ एएच. व्हिडिओ सव्वीस मिनिटांचा, म्हणजे मजकूर साडेतीन हजार शब्दांच्या आसपास. त्याचा सारांश असा होतो:

“१६ लिटरचा बॅटरी पंप. बॉक्समध्ये चार्जर, पट्टे, लान्स आणि चार प्रकारचे नोझल. कंपनी म्हणते एका चार्जिंगमध्ये २० टाक्या होतात. जोडणी सोपी. प्रेशर चांगलं, एक टाकी ९ मिनिटांत संपते. झाकणातून थोडं पाणी येतं. मोटर बाजारात मिळते. छोट्या शेतकऱ्यांनी घ्यायला हरकत नाही.”

यात एकही वाक्य खोटं नाही, तरी हे वाचून आठ एकरवाला माणूस पंप घेऊन येईल. आता त्याच मजकुराचा निवाडा:

“घरची शेती कमी असेल तर घ्या. रोज फवारणी असेल तर नको. दोन्ही मतं समीक्षकाचीच आहेत (१९:२० आणि २४:३०).
नको म्हणण्याची कारणं: एका चार्जिंगमध्ये त्याच्याकडून ११ टाक्या झाल्या, मग प्रेशर पडलं; नोझल चार छिद्रांचा, रेग्युलेटर पूर्ण उघडा (१७:२०). वाकल्यावर झाकणातून पाणी पाठीवर येतं (१८:५०).
घ्या म्हणण्याची कारणं: टाकी ९ मिनिटांत होते (१५:४०). मोटर नेहमीच्या मापाची आहे, सुटी मिळते (२०:१०).
तपासलं नाही: बॅटरी किती हंगाम टिकते. सगळी चाचणी नव्या पंपावर आणि साध्या पाण्यावर झाली.”

पहिला फरक २० आणि ११ या आकड्यांत आहे. वीस हा बॉक्सवरचा आकडा. समीक्षक तो सुरुवातीलाच मोठ्याने वाचून दाखवतो, म्हणून मजकुरात तोच आधी भेटतो आणि सारांशात जाऊन बसतो. अकरा हा त्याने स्वतः फवारून काढलेला आकडा, तेरा मिनिटांनंतर आलेला. आपल्याकडे कपाशीला एकरी दहा पंप हा हिशेब सगळ्यांच्या तोंडी असतो. त्या हिशेबाने अकरा टाक्या म्हणजे एका चार्जिंगमध्ये जेमतेम एक एकर, आणि वीस टाक्या म्हणजे दोन एकर. ज्याच्याकडे लाइट रात्रीची आहे आणि चार्जिंगला पाच-सहा तास लागतात, त्याचा दिवसभराचा बेत या एका आकड्यावर ठरतो.

म्हणून मजकूर हातात आला की प्रत्येक कामाच्या ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे बॉक्स बोलतंय, की माणूस? हिंदी मजकुरात ओळखायची सोपी खूण आहे. “मैंने”, “हमने चलाया”, “मेरे हाथ में” हे शब्द शोधा. त्यांच्या आसपास जे आहे ते त्याने स्वतः करून पाहिलेलं असतं. “कंपनी का दावा है”, “इसमें दिया गया है”, “आपको मिल जाता है” यांच्या आसपास असतं ते बॉक्सवरचं. निवाड्यात कारण म्हणून फक्त पहिल्या प्रकारच्या ओळी येतात. दुसऱ्या प्रकारची ओळ घ्यायचीच असेल तर तिच्यापुढे ‘कंपनी म्हणते’ एवढं लिहायलाच हवं.

अकराच्या मागे नोझलची आणि रेग्युलेटरची अटही तशीच ठेवली आहे, ती शब्द वाचवायच्या नादात कापू नका. चार छिद्रांच्या नोझलमधून पाणी जास्त जातं, एका छिद्राच्या नोझलमधून कमी. नोझल बदलला की टाकीला लागणारा वेळ बदलतो आणि टाक्यांचा हिशेबही बदलतो. अट सुटली की समीक्षकाचा खरा आकडाही बॉक्सवरच्या आकड्याइतकाच पोकळ होतो.

दुसरा फरक झाकणाच्या पाण्याचा. व्हिडिओत त्याला चाळीस सेकंद मिळाले, म्हणून सारांशात त्याचे चार शब्द झाले, तेही ‘थोडं’ लावून. पण १९:२० ला समीक्षक म्हणतो, “जो रोज़ मारता है उसके लिए मैं ये नहीं बोलूँगा.” म्हणजे त्याने स्वतःच त्या चाळीस सेकंदांवर आपलं ‘नको’ उभं केलं आहे. वजन आपण वाढवलेलं नाही, त्याने ठेवलेलं फक्त उचललं. “इसलिए”, “लेकिन”, “के लिए” हे शब्द शोधलेत तर अशा जागा सापडतात, कारण माणूस निष्कर्षाकडे वळतो तेव्हा तेच वापरतो. बॉक्स उघडण्याच्या पाच मिनिटांत हे शब्द जवळजवळ नसतात.

हे कारण दडपलं जाऊ नये असं मला फार वाटतं. समीक्षकाने साधं पाणी भरलं होतं. शेतात तिथे कीटकनाशक असतं, आणि ओल्या सदऱ्यातून ते कातडीवाटे अंगात जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. पंप घेणारा मालक असतो आणि पाठीवर घेणारा पुष्कळदा मजूर असतो, तेव्हा ही ओळ मालकाच्या डोळ्यांपुढे ठळक यायलाच हवी.

शेवटच्या वाक्याचीही गंमत नाही, अडचण आहे. घाईत निवाडा लिहिणारा सरळ खाली जातो आणि शेवटची दोन वाक्यं उचलतो. तिथे लिहिलेलं असतं, “जिनकी खेती कम है वो ले सकते हैं, बाकी आपकी मर्ज़ी.” निरोप घेताना माणूस गोडच बोलतो. अर्धंच उचललं तर ‘घ्या’ हाती लागतं, आणि पाच मिनिटं आधीचं ‘नको’ गळून जातं. दोन मतं वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी असतील तर दोन्ही, आपापल्या गिऱ्हाइकासकट लिहायची.

आपोआप तयार झालेल्या मजकुराचा स्वतःचा एक धोका आहे. त्यात पूर्णविराम, स्वल्पविराम बहुधा नसतात. “बारह बाय आठ की बैटरी” तिथे “बारह भाई आठ” होऊन येते, ते निदान ओळखू येतं. पण ही ओळ बघा: “प्रेशर में फरक नहीं पड़ता ग्यारह टंकी के बाद पड़ता है तो थोड़ा सा”. ‘पड़ता’नंतर थांबलं तर अर्थ होतो की अकरा टाक्यांनंतर प्रेशर पडतं. ‘के बाद’नंतर थांबलं तर अकरा टाक्यांनंतरही पडत नाही, पडलंच तर थोडंसं. वाचून हे सुटत नाही. शेजारच्या वेळेवर जाऊन दहा सेकंद ऐकावंच लागतं. “नहीं” असलेली प्रत्येक ओळ जी तुमच्या निवाड्यात कारण म्हणून येणार आहे, ती कानाने ऐकून मगच लिहा. झाकणाच्या बाबतीतही तसंच: मजकुरात फक्त “ये देखिए, यहाँ से” एवढंच असतं. पाणी कुठून येतंय ते डोळ्यांनाच दिसतं.

पंप कंपनीने फुकट दिला होता का, हेही निवाड्यात यायला हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे असा संबंध व्हिडिओत दाखवूनही सांगायचा असतो आणि बोलूनही. बोलला असेल तर मजकुरात सापडेल. “भेजा है”, “स्पॉन्सर” शोधा. सुरुवातीला पडद्यावर येणारी Includes paid promotion ही पाटी मात्र मजकुरात उतरत नाही, त्यामुळे पहिली काही सेकंदं प्रत्यक्ष बघा.

आता बॅटरी. समीक्षकाने हंगामाचं काही सांगितलेलं नाही. मला माहीत आहे की या पंपांत बरेचदा असणारी शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर थर कडक होतो आणि पुढच्या जूनमध्ये ती चार्ज धरत नाही. कोठ्यात ठेवलेल्या पंपाला महिन्या-दीड महिन्यातून एकदा चार्जिंग लावलं तर हे बरंचसं टळतं. हे उपयोगाचं आहे, पण हे समीक्षकाचं कारण नाही. निवाड्यात ते मिसळलं तर वाचणाऱ्याला वाटेल की व्हिडिओत तपासलंय. म्हणून खाली रेघ मारून ‘माझ्याकडून’ असं लिहून ते वेगळं ठेवायचं.

आणि काही व्हिडिओंत निवाडा नसतोच. माणूस बॉक्स उघडतो, वाचून दाखवतो, अंगणात पाच मिनिटं पाणी उडवतो आणि लिंक खाली आहे म्हणतो. पूर्ण मजकुरात “मैंने” दोनदा, तेही “मैंने मँगाया” म्हणून. अशा वेळी ओढूनताणून ‘घ्या’ किंवा ‘नको’ काढू नका. ग्रुपवर सारांश टाका आणि वर स्पष्ट लिहा: “यात समीक्षकाने पंप शेतात वापरलेला नाही, घ्या-नको सांगण्याजोगं काही नाही.”