छायाचित्रावरील मजकूर व बोधचिन्ह : मूळ फाइलला हात न लावता केलेले काम

आमच्या ग्राहकांपैकी एका गणेशोत्सव मंडळाने गेल्या वर्षी सूरसागर तलावावरील सायंकाळचे एक छायाचित्र निमंत्रणासाठी आणले. त्यावर मजकूर आणि मंडळाचे लाल बोधचिन्ह आधीच दुसरीकडे बसवून घेतलेले होते, आणि मंडळाकडे केवळ अंतिम जेपीजी फाइल होती. कार्यक्रमाची वेळ बदलल्यामुळे एकच ओळ दुरुस्त करावयाची होती. परंतु अक्षरे आकाशातच मिसळून गेलेली असल्याने आजूबाजूचे आकाश उचलून त्या ओळीवर ठिगळ लावावे लागले, आणि तो भाग शेवटपर्यंत डोळ्यांना खटकत राहिला. असे होऊ नये म्हणून आम्ही काम कोणत्या क्रमाने करतो, ते येथे सांगत आहोत.

जेपीजीमध्ये प्रत्येक रंगासाठी 8 बिट, म्हणजे 256 पायऱ्या असतात. कॅमेऱ्याच्या 14 बिट रॉ फाइलमध्ये त्या 16,384 असतात. संध्याकाळच्या आकाशात गडद निळ्यापासून फिकट निळ्यापर्यंतचा बदल फार सावकाश होतो. समजा, 2,000 पिक्सेलच्या उंचीत तो 8 बिटच्या केवळ 40 पायऱ्यांत बसला, तर एकेक पायरी 50 पिक्सेल रुंद होते. अशा फाइलचा कॉन्ट्रास्ट दुप्पट केला की रुंदी तेवढीच राहते, मात्र दोन शेजारच्या पट्ट्यांमधील फरक दुप्पट होतो आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. म्हणून रंगसुधारणा आम्ही 16 बिटमध्येच करतो. आधीच जेपीजी झालेली फाइल 16 बिटमध्ये उघडल्याने हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत; फक्त पुढील आकडेमोडीत आणखी नुकसान कमी होते.

फाइलमध्ये एकावर एक पारदर्शक थर, म्हणजे लेयर ठेवता येतात; मूळ छायाचित्र सर्वांत खालच्या लेयरवर असते आणि त्याला आम्ही हात लावत नाही. त्याच्यावर उजेड व रंग बदलणारे अ‍ॅडजस्टमेंट लेयर येतात, आणि त्यांच्याही वर मजकूर व बोधचिन्ह. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बोधचिन्ह खाली राहिले तर आकाश निळे करण्यासाठी केलेला बदल त्याच्या लाल रंगालाही लागतो आणि मंडळाचा ठरलेला लाल जांभळट होतो. मजकूर टाइप केलेल्या अवस्थेतच ठेवला जातो, त्यामुळे वेळ बदलणे हे दोन मिनिटांचे काम राहते.

अंतिम प्रत काढताना लेयर असलेल्या फाइलची आधी नक्कल केली जाते व आकार त्या नकलेचाच कमी केला जातो. लेयर एकत्र करून मग आकार घटवला तर अक्षरांच्या कडा मऊ पडतात. मजकूर टाइप केलेल्या अवस्थेत असताना आकार घटवला तर तो नव्या आकाराला पुन्हा नीट आखला जातो. शार्पनिंग केवळ छायाचित्राच्या लेयरवर करतो, अन्यथा अक्षरांभोवती पांढरी किनार उमटते. त्यानंतर लेयर एकत्र करणे, रंग 16 बिटमध्येच एसआरजीबी प्रोफाइलमध्ये बदलणे, 8 बिट करणे आणि शेवटी जेपीजी.

याच शेवटच्या पायरीवर लाल बोधचिन्ह बहुधा बिघडते. जागा वाचवण्यासाठी जेपीजीमध्ये उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती आडवी व उभी निम्मी करण्याची पद्धत आहे, म्हणजे चार पिक्सेल मिळून एकच रंग वापरतात. गडद निळ्यावर लाल अक्षर असेल तर दोन्हींचा उजेड जवळपास सारखा असतो, कड केवळ रंगानेच ओळखू येते, आणि नेमका तोच अर्धा झालेला असतो. पांढऱ्या अक्षरांना हा त्रास फारसा होत नाही. दर्जाचा आकडा वाढवूनही काही सॉफ्टवेअरमध्ये ही बचत चालूच राहते, म्हणून आम्ही ती वेगळी बंद करतो, म्हणजे 4:4:4 ठेवतो. प्रत 100 टक्के आकारात उघडून बोधचिन्हाची कड पाहावी. लाल रंग बाहेर ओघळल्यासारखा दिसला, तर ती प्रत आमच्याकडे परत आणावी.

6000 × 4000 पिक्सेलच्या छायाचित्राचा 16 बिटमधील एकच लेयर सुमारे 144 एमबी भरतो, त्यामुळे लेयरची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर न मागता पेनड्राइव्हवर न्यावी. अंतिम जेपीजी व्हॉट्सअ‍ॅपने पाठवताना ती फोटो म्हणून नव्हे, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर ती पुन्हा दाबली जाते आणि वरील सर्व काळजी वाया जाते.

आपल्याकडून आम्हांला रॉ फाइल, बोधचिन्हाची एसव्हीजी किंवा पीडीएफ फाइल आणि युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर हवा असतो. पीएसडी, म्हणजे लेयर असलेल्या फोटोशॉपच्या फाइलमध्ये फाँट सोबत जात नाही. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसेल तर अक्षरांचे वळण बदलते आणि क्वचित जोडाक्षरेही तुटतात. म्हणून पीएसडी नेणाऱ्या ग्राहकांना आम्ही मजकुराचे आकृतीत रूपांतर केलेली दुसरी प्रत देतो. त्या प्रतीत अक्षरे बदलता येत नाहीत, त्यामुळे दुरुस्ती नेहमी पहिल्या प्रतीतच करावी.