पार्श्वभूमी : इतिवृत्तातील चर्चेचे परिच्छेद आणि क्रमांकित ठराव

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त दोन पद्धतींनी लिहिले जाते. एकीत विषयागणिक कोण काय बोलले आणि शेवटी काय ठरले ते सलग परिच्छेदात येते. दुसरीत प्रत्येक निर्णयाला क्रमांक मिळतो, सूचक व अनुमोदक यांची नावे येतात आणि मजकूर 'ही सभा असा ठराव करते की' या साच्यात बसतो. पहिल्या पद्धतीने लिहिलेले दुसऱ्या पद्धतीत आणण्याचे काम आज अनेक संस्थांत सचिव किंवा हिशेब पाहणारी व्यक्ती सभेनंतर करते.

देशात सहकाराचा पहिला कायदा 1904 चा. तो पतसंस्थांपुरता होता आणि 1912 च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांना वाट मोकळी झाली. मुंबईत गावदेवी भागात 1915 च्या सुमारास गृहनिर्माण संस्था उभी राहिली, 1925 मध्ये मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा आला आणि राज्यनिर्मितीनंतर 1960 चा महाराष्ट्र अधिनियम. 'रिझॉल्व्हड दॅट' हा साचा इंग्रजी कंपनी-व्यवहारातला. इंग्रजीत 'ठरले' आधी येते आणि काय ठरले ते नंतर. मराठीत क्रियापद शेवटी येते. म्हणून 'असा ठराव करण्यात येतो की' अशी पुढून सुरुवात करणारी रचना आजही थोडी उसनी वाटते, आणि 'यास मान्यता देण्यात येत आहे' असा शेवट असलेले वाक्य सहज वाचले जाते. चालतात दोन्ही.

परिच्छेद-पद्धत इतकी वर्षे टिकली, कारण नोंदवही कपाटातून बाहेर पडत नसे. सभासदांना काय ठरले ते आठवत असे आणि लेखापरीक्षक वर्षातून एकदा पाने चाळीत असे. नोंदवहीतील एखादा तुकडा बाहेरच्या कोणापुढे ठेवण्याची वेळ वारंवार येऊ लागल्यावर अडचण झाली. खात्यावर सह्या करणारे बदलले की बँक ठरावाची प्रमाणित प्रत मागते. थकबाकीच्या वसुलीसाठी निबंधकाकडे जाताना ठराव लागतो. सदनिकांच्या विक्रीबाबतच्या मोफा कायद्यातील 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे विकासकाने जमीन-इमारत संस्थेच्या नावे करून दिली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून ती करून घेण्याची, सोय झाली, आणि त्या अर्जालाही सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. पुनर्विकासाबाबत 3 जानेवारी 2009 रोजी 1960 च्या अधिनियमाच्या कलम 79अ खाली निघालेल्या निर्देशांनी सभेचे चित्रीकरण करण्यासही सांगितले, आणि 4 जुलै 2019 च्या सुधारित निर्देशांनंतर एकूण सभासदांपैकी 51 टक्के संमतीचा आकडा चर्चेच्या केंद्रस्थानी आला. अर्ध्या पानाच्या परिच्छेदातून 'उतारा' काढता येत नाही. क्रमांकित ठरावातून येतो. माझ्या मते ठराव-पद्धतीचा प्रसार भाषेच्या आवडीने झालेला नाही, तो या उताऱ्यांच्या गरजेने झाला.

रूपांतर कुठे घसरते ते एका उदाहरणावरून पाहू. 40 सदनिकांच्या एका संस्थेत वार्षिक सभेला 24 सभासद हजर आहेत. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या कारभारासाठीच्या नमुना नियमांनुसार, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20 यांपैकी कमी असलेली संख्या गणपूर्तीला पुरते, त्यामुळे सभा नियमित आहे. कच्च्या नोंदीत असे आहे: 'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर चर्चा झाली. सचिवांनी तीन दरपत्रके आल्याचे सांगितले. खालच्या मजल्यावरच्या काहींनी आम्ही का द्यायचे असे विचारले. अध्यक्षांनी समजावून सांगितले. शेवटी प्रत्येकी 15 हजार घेण्याचे ठरले व सर्वांनी मान्य केले.'

लिहिणारा घाईत असेल, तर याचा एकच ठराव होतो आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर' येते. वास्तविक इथे निदान दोन निर्णय आहेत: काम करायचे, आणि त्यासाठी सदनिकेमागे 15,000 रुपये, म्हणजे एकूण 6,00,000 रुपये गोळा करायचे. दोन्ही वेगळ्या क्रमांकांखाली गेले पाहिजेत, कारण पुढे कोणी वर्गणीला आव्हान दिले, तरी कामाची मंजुरी त्यात अडकू नये. तीनपैकी कोणते दरपत्रक स्वीकारले, पैसे कोणत्या तारखेपर्यंत भरायचे, उशीर झाल्यास व्याज किती, हे नोंदीत नाही. उपविधींत थकबाकीवर सरळव्याजाची 21 टक्के ही कमाल मर्यादा आहे, म्हणून लिहिणाऱ्याच्या हातून ती सहज ठरावात उतरते आणि वाचायलाही व्यवस्थित वाटते. पण सभेने ती ठरवलेली नसेल, तर तो ठराव सभेचा राहत नाही, लिहिणाऱ्याचा होतो. अशा रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवाव्यात आणि तो भाग पुढील सभेपुढे न्यावा.

खरा घोळ 'सर्वानुमते' या शब्दाचा आहे. अध्यक्ष विचारतात, 'कोणाची हरकत?' कोणी बोलत नाही आणि लेखणी 'सर्वानुमते' लिहून मोकळी होते. बोलीत हा शब्द 'कोणी अडवले नाही' इतक्याच अर्थाने वापरला जातो. उताऱ्यात मात्र हजर असलेल्या प्रत्येकाने संमती दिली असा त्याचा अर्थ लावला जातो. 'एकमताने' हा शब्द काही जण याच अर्थी वापरतात, तर काही जण प्रत्यक्ष मतदानात सगळी मते एका बाजूला पडली असतील तरच. वरच्या उदाहरणात कच्च्या नोंदीत 'सर्वांनी मान्य केले' असले, तरी हात वर करायला सांगितल्यावर 19 बाजूने, 3 विरोधात आणि 2 तटस्थ असे चित्र होते. योग्य नोंद अशी होईल: 'ठराव क्र. 5. गच्चीच्या जलरोधक कामासाठी प्रत्येक सदनिकाधारकाकडून रु. 15,000 वर्गणी घेण्यास ही सभा मंजुरी देत आहे. बाजूने 19, विरोधात 3, तटस्थ 2. ठराव बहुमताने मंजूर.' विरोध करणाऱ्यांनी नाव नोंदवण्याची मागणी केली असेल, तर नावेही यावीत. समितीच्या सभेत हे आणखी महत्त्वाचे ठरते. समिती सदस्यांना बरीच वर्षे एम-20 नमुन्यातील बंधपत्र देऊन निर्णयांची संयुक्त व वैयक्तिक जबाबदारी घ्यावी लागत असे, आणि विरोध केलेल्या सदस्याचा बचाव 'सर्वानुमते' या एका शब्दाने नाहीसा होई. मला विचाराल तर, मतमोजणी झाली नसेल तिथे 'कोणीही हरकत न घेतल्याने ठराव मंजूर' असे लांबलचक लिहिणेच प्रामाणिक आहे.

चर्चेचा परिच्छेद पूर्ण गाळावा का, यावरही मतभेद आहेत. गाळणारे म्हणतात की उतारा स्वच्छ हवा. ठेवणारे म्हणतात की खालच्या मजल्यांचा प्रश्न नोंदला नाही, तर सहकार न्यायालयात कलम 91 खाली वाद गेला, तेव्हा दाखवायला काही उरत नाही. बहुतेक संस्था दोन ओळींची प्रस्तावना व त्याखाली ठराव हा मधला मार्ग घेतात. निर्णयच झाला नसेल, तर 'नोंद घेण्यात आली' लिहावे, क्रमांक देऊ नये. ऐनवेळच्या विषयांना क्रमांक देताना तर विशेष जपावे, कारण विषयपत्रिकेत नसलेली खर्चाची बाब क्रमांक मिळताच रीतसर नोटीस दिलेल्या विषयासारखी दिसू लागते.

आदर्श उपविधींत इतिवृत्ताचा मसुदा सभासदांना पाठवून त्यांचे म्हणणे मागवण्याची तरतूद आहे, आणि पुढील सभेत इतिवृत्त कायम केले जाते. नोंद बरोबर आहे की नाही, एवढेच तेव्हा ठरते. 19 ऐवजी 24 लिहिले गेले असेल, तर ते तिथे सुधारता येते. 15 हजारांचे 12 हजार करायचे असतील, तर ती दुरुस्ती नाही, नवा निर्णय आहे, आणि सर्वसाधारण सभेने संमत केलेला ठराव बदलणारा किंवा रद्द करणारा ठराव सहा महिने उलटल्याशिवाय सभेपुढे आणता येत नाही.