लीज संपली, मशीन जागेवरच: मुदत वाढवावी की बाजारभावाने घेऊन टाकावं?

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या जॉबशॉपमध्ये चार वर्षांपूर्वी लीजवर आलेल्या व्हीएमसीची, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनची, मुदत संपत आली, की लीज कंपनीचा माणूस चहा प्यायला येतो. त्याचं वाक्य ठरलेलं असतं: "मशीन तर तुमच्याच शेडमध्ये आहे, साहेब. हलवायचं कशाला? मुदत वाढवा, नाहीतर घेऊन टाका." दोन्हीत मशीन जागचं हलत नाही, ऑपरेटर तोच, फिक्स्चरही तीच. त्यामुळे मालकाला हे दोन पर्याय जवळजवळ एकच वाटतात आणि तो महिन्याला कमी पैसे जाणारा पर्याय उचलतो.

खरा फरक जोखमीचा आहे. मुदत वाढवली तर मशीनचा भाव घसरण्याची जोखीम लीज कंपनीकडेच राहते आणि तिचं भाडं तुम्ही भरता. विकत घेतलं तर ती जोखीम तुम्ही अंगावर घेता. ती कितीला अंगावर घ्यायची, हे ठरतं करारात 'बाजारभाव' कसा मांडलाय त्यावरून.

एक हिशोब मांडू. आकडे मी सोयीचे धरलेत, पण प्रमाण असंच असतं. व्हीएमसीची मूळ किंमत जीएसटी सोडून 32 लाख. लीज 48 महिन्यांची, भाडं महिना 74 हजार, मुदत 31 मार्चला संपते. लीज कंपनी सांगते: आणखी बारा महिने ठेवायचं तर 38 हजार भाडं, विकत घ्यायचं तर बाजारभाव 16 लाख, नको असेल तर परत करा. जुन्या मशीनच्या दोन-तीन डीलरना विचारलं, तर त्याच मेकच्या, त्याच वर्षाच्या, चालू स्थितीतल्या मशीनला ते 13 लाखांच्या आसपास सांगतात.

हे वरचे तीन लाख कुठून आले? बहुतेक वेळा करारातल्या एका ओळीतून. बाजारभाव म्हणजे 'बसवलेल्या आणि चालू असलेल्या स्थितीतली किंमत' असं लिहिलं असेल, तर त्यात तुमचंच फाउंडेशन, तुम्हीच दिलेली क्रेन आणि वाहतूक, लेव्हलिंग, चाचणी या सगळ्याची किंमत मिसळते. म्हणजे एकदा खर्च केलेल्या गोष्टी तुम्हालाच पुन्हा विकल्या जातात. डीलरचा 13 लाखांचा भाव मात्र मशीन काढून ट्रकवर चढवायच्या बोलीचा असतो. दोन्ही भाव खरेच, फक्त वेगळ्या बाजारांतले. करारात काहीच स्पष्ट नसेल, तर लीज कंपनी जो आकडा टाकेल तिथून बोलणं सुरू होतं. म्हणून सही करण्याआधीच 'काढून नेण्याच्या स्थितीतला भाव, आणि वाद झाल्यास दोघांना मान्य अशा मूल्यांककाचा निर्णय' एवढं लिहून घ्यावं. भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणी झालेले, प्लांट आणि मशिनरी या वर्गाचे मूल्यांकक असतात. तसा एखादा धरला की आकड्याला वजन येतं.

एक गल्लत इथेच निस्तरून टाकतो. लीज देताना कंपनीने आपल्या हिशोबात शेवटी उरणारी किंमत धरलेली असते, या उदाहरणात समजा 20 टक्के, म्हणजे 6.4 लाख. पुष्कळांना वाटतं मशीन शेवटी तेवढ्यालाच मिळेल. नाही मिळत. तो आकडा भाडं ठरवण्यापुरता कंपनीचा अंदाज असतो. मशीन त्यापेक्षा महाग निघालं तर फायदा कंपनीचा, स्वस्त निघालं तर तोटाही तिचाच.

आता वर्षभराचा खर्च बघू. वर्षाने या मशीनला 10.8 लाख येतील असं धरू, आणि पैशाला 11 टक्के व्याज. मुदत वाढवली तर 38 हजार गुणिले बारा, म्हणजे 4.56 लाख. शिवाय वर्षाअखेर मशीन परत करावंच लागेल, त्याचे साधारण 90 हजार. एकूण साडेपाच लाखांच्या जवळ. 16 लाखांना घेतलं, तर भावातली घसरण 5.2 लाख आणि व्याज 1.76 लाख, मिळून सात लाख. 13 लाखांना घेतलं, तर घसरण 2.2 आणि व्याज 1.43, मिळून साधारण 3.6 लाख. जीएसटी, दुरुस्ती आणि विमा बाजूला ठेवले आहेत, कारण दुरुस्ती-विमा बहुतेक लीजमध्येही तुमच्याच माथी असतो.

म्हणजे वर्षभरासाठी मुदत वाढवणं स्वस्त की विकत घेणं, याचं उत्तर खरेदीचा भाव देतो. या आकड्यांत तराजूचा काटा साडेचौदा लाखांच्या थोडा वर येऊन थांबतो. त्याखाली मिळालं तर घ्यावं. मशीन तीन वर्षं लागणार असेल तर चित्र पालटतं. दर वर्षी 38 हजारच भाडं चालू राहिलं आणि मशीन तीन वर्षांनी साडेसात लाखांना गेलं, तर 16 लाख मोजूनही खरेदीच पुढे जाते. पण तीन वर्षं काम राहील याची खात्री कोणाला? ज्या ब्रॅकेटसाठी मशीन घेतलं ते इंजिनच्या भागाचं असेल आणि गाडीचं मॉडेल इलेक्ट्रिककडे वळत असेल, तर मी मुदत वाढवायला सांगेन, जरा महाग पडलं तरी. त्या जादा पैशांत तुम्ही बाहेर पडण्याची सोय विकत घेत असता. मात्र मग ती सोय खरी हवी. बारा महिने बांधून घेण्याऐवजी तीन महिन्यांच्या नोटिशीवर सोडता येईल अशी अट मागा. आणि भाडंही आजच्या किमतीवर ठरवून घ्या. 13 लाखांचं मशीन वर्षात 2.2 लाखांनी उतरतं, त्यावर दीडेक लाख व्याज धरलं तरी महिना तीस हजारांच्या आसपास येतात. 38 हजारांत घासाघीस करायला जागा आहे.

खरेदीच्या भावातही आहे. मशीन परत गेलं तर लीज कंपनीला ते कुठेतरी ठेवावं लागतं, डीलरला कमिशन द्यावं लागतं, गिऱ्हाईक मिळेपर्यंत पैसे अडकतात. 13 लाखांतून तिच्या हाती 12 पडले तरी पुष्कळ. तुमच्या बाजूने बघा: हे मशीन परत करायला 90 हजार आणि तसंच दुसरं आणून बसवायला साठ-सत्तर हजार, म्हणजे 13 अधिक दीड. 12 आणि साडेचौदा यांच्यामधला कुठलाही आकडा दोघांनाही परवडतो. 16 हा त्या पट्ट्याबाहेरचा आहे, आणि हे कागदावर मांडून दाखवलं की समोरचा सहसा खाली येतो.

भाव बोलण्याआधी मशीन स्वतः तपासून घ्या. स्पिंडलच्या टेपरमध्ये टेस्ट बार बसवून डायल लावा, नाकाजवळ आणि बारच्या टोकाला, आणि हाताने फिरवून काटा किती हलतो ते बघा. नाकाजवळ ठीक आणि टोकाला जास्त असेल तर टेपर किंवा बेअरिंगकडे संशय जातो, आणि स्पिंडल उघडायचा खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. फानुक कंट्रोल असेल तर पॅरामीटर `6750` मध्ये मशीन किती मिनिटं चालू होतं ते दिसतं. चार वर्षं, वर्षाला 300 दिवस, एक शिफ्ट धरली तर 9,600 तास, म्हणजे 5,76,000 मिनिटं होतात. दोन शिफ्ट चाललं असेल तर आकडा दुप्पट, आणि डीलरचा 13 लाखांचा भाव कदाचित एका शिफ्टच्या मशीनचा असतो. मशीन तुमच्याच शेडमध्ये होतं, त्यामुळे ही बाजू तुम्हाला लीज कंपनीपेक्षा जास्त ठाऊक असते. भाव बोलताना हा तुमचा हुकमाचा पत्ता.

परतीबद्दल थोडंच. काम संपलंय किंवा कंट्रोल जुना पडलाय, तर परत करणंच बरं. फक्त करारात मशीन कुठे पोचवायचं ते वाचा. 'कंपनी सांगेल त्या ठिकाणी' एवढंच लिहिलं असेल तर ते ठिकाण दुसऱ्या राज्यातलंही निघू शकतं आणि ट्रकभाडं तुमचं. 'नेहमीची झीज वगळता' या शब्दांवरही भांडणं होतात. सर्व्हिसच्या नोंदी आणि निघतानाचे डायलचे आकडे, फोटोंसकट, जपून ठेवावेत.

करांचं गणित दोन्हीकडे वेगळं वागतं. भाडं पूर्णपणे खर्चात धरता येतं. विकत घेतलेलं मशीन आयकरात 15 टक्के दराने, घटत्या किमतीवर, झिजतं, आणि त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच दर मिळतो. नव्या मशीनवर मिळणारा जादा घसारा वापरलेल्या मशीनला लागत नाही. जीएसटी दोन्हींवर 18 टक्के आणि क्रेडिट दोन्हींचं मिळतं. पण 13 लाखांवरचे 2.34 लाख एकदम द्यावे लागतात, भाड्यात ते महिन्या-महिन्याला जातात. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर क्रेडिट नाहीच, मग हा कर सरळ खर्चात धरा.

हे सगळं करायला वेळ मात्र आधीच हवा. बहुतेक करारांत नोटिशीची मुदत असते, अनेकदा 90 ते 180 दिवस. आपल्या उदाहरणात 120 दिवस धरले, तर 31 मार्चसाठी नोटीस 1 डिसेंबरपर्यंत पोचायला हवी. ती चुकली की लीज आपोआप पुढे सरकते, आणि तीही जुन्या भाड्यावर. तीन महिने 74 हजारांनी म्हणजे 2.22 लाख. वर्षभर मुदत वाढवण्याच्या निम्मे पैसे नुसत्या विसरण्यात गेले. नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह पाठवा. विक्री प्रतिनिधीला व्हॉट्सअॅप केलं होतं, हे अशा वेळी चालत नाही.

आणि घ्यायचं ठरलं, तर शेवटचे पैसे देण्याआधी लीज कंपनीच्या बँकेचा या मशीनवर बोजा आहे का, ते विचारा. लीज कंपन्या पुष्कळदा आपली भाडी तारण ठेवून कर्ज घेतात. बोजा मुक्त झाल्याचं पत्र, टॅक्स इनव्हॉइस आणि अनामत वळती केल्याचा हिशोब, तीन कागद एकत्र हातात घ्या. मग बँकेत जाऊन भाड्याचं नॅच मँडेट रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्यात 74 हजार पुन्हा खात्यातून जातील.