गेम अटकते ते नेटमुळे की फोनमुळे?

दारव्ह्याकडच्या एका बाजारगावात माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. मे महिन्यात शाळा सुटल्या की दुकानात दोनच तक्रारी येतात. एक चार्जिंगची पिन, दुसरी ‘लॅग’. पहिली पाच मिनिटांत निपटते. दुसरीत मात्र पोट्टे आधीच निकाल लावून आलेले असतात.

यंदा माझा भाचाच आला. म्हणे, “मामा, नेट लय लॅग मारून राह्यलं. सिम पोर्ट करून द्या ना.”

मी म्हटलं, “बस इथं. माझ्यासमोर एक मॅच खेळ.”

हे मी मुद्दाम केलं, कारण ‘लॅग’ या एकाच शब्दात आपण दोन वेगवेगळे आजार कोंबतो. एकात फोन आणि गेमचा सर्व्हर यांच्यात निरोप उशिरा पोचतो. दुसऱ्यात निरोप वेळेवर येतो, पण फोनलाच चित्र काढायला वेळ पुरत नाही. दोन्हीत गेम अटकते, दोन्हीत आपण मरतो, आणि शिव्या नेटलाच बसतात. यातल्या एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

भाच्याचा फोन म्हणजे 3 जीबी रॅम, 32 जीबी स्टोरेज, वर जाड रबरी कव्हर. गेम फ्री फायर मॅक्स. वेळ दुपारी एकची, नवतपा सुरू, दुकानाला टिनाचं छत. पहिली दहा-बारा मिनिटं सगळं ठीक चाललं. मग त्याचा खेळाडू झटके देत पळायला लागला. “पाहा, आलं ना लॅग!” तो ओरडला. मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या पिंगच्या आकड्यावर बोट ठेवलं. 70 च्या आसपास, हिरवा. नेट बिचारं आपलं काम नीट करत होतं.

पिंग म्हणजे फोनवरून निघालेला निरोप सर्व्हरला पोचून परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. एका सेकंदात हजार मिलिसेकंद. शंभराच्या आत असेल तर आपल्यासारख्याला काही जाणवत नाही. 300 झाला की आपली गोळी सर्व्हरला पोचेपर्यंत समोरचा आपल्याला दिसला तिथून जवळपास सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा पुढे सरकलेला असतो.

फ्रेमचा हिशेब वेगळा. गेम सेकंदाला 30 चित्रं दाखवत असेल, तर एक चित्र काढायला फोनला 33 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकलं नाही की जुनंच चित्र पडद्यावर थांबून राहतं. डोळ्याला तोच झटका दिसतो. सर्व्हरचा इथे काडीचा संबंध नाही.

ओळखायचं कसं? आकडा बघणं हा एक मार्ग झाला, पण त्याहून पक्की खूण अंगठ्यात आहे. गेम अटकली की लगेच उजव्या अंगठ्याने कॅमेरा गोल फिरवून बघा. कॅमेरा फिरवणं हे पूर्ण फोनचंच काम आहे, त्यासाठी सर्व्हरला विचारावं लागत नाही. कॅमेरा तुपासारखा फिरतोय, आपला खेळाडू पळतोय, पण शत्रू जागीच गोठलाय किंवा इथून तिथे उडी मारतोय, गोळ्या लागूनही त्याला काही होत नाही, तर दोष नेटचा. आपण भिंतीआड पोचलो आणि अचानक चार पावलं मागे ओढले गेलो, हीसुद्धा नेटचीच खूण. फोन आपली पावलं सर्व्हरची वाट न पाहता काढून दाखवतो. मग सर्व्हर म्हणतो, तू तिथे पोचलाच नव्हतास, आणि ओढून मागे नेतो. याउलट कॅमेराच फिरताना झटके देत असेल, झाडं, घरं, शत्रू, आपला हात, सगळंच एकदम थांबून थांबून हलत असेल, तर दोष फोनचा.

एक फसगत लक्षात ठेवा. फोन फारच दमला की पिंगचा आकडाही थोडा फुगलेला दिसू शकतो, कारण आलेला निरोप वाचायलाही गेमला सवड मिळत नाही. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, अंगठा आधी.

भाच्याच्या दुपारच्या मॅचमध्ये कॅमेराच अडखळत होता. फोन मागून हात लावता येईना इतका तापलेला. मी बॅटरीचं तापमान दाखवणारं अ‍ॅप उघडलं. 46 अंश. मॅच सुरू करताना 39 होतं. असं तापमान चढलं की फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. हा बिघाड नाही, तशी व्यवस्थाच असते. स्वस्त फोनमध्ये उष्णता बाहेर काढायला फारसं काही नसतं. मागचं झाकण हाच त्याचा धुराडा, आणि आपण त्यावर रबर चढवून ठेवतो. त्यात पोट्टा चार्जर लावून खेळत होता. चार्जिंगची उष्णता, गेमची उष्णता आणि टिनाखालचा उकाडा. फोनने तरी काय करावं? इतक्या तापात चार्जिंग केल्याने लिथियमची बॅटरीही लवकर म्हातारी होते. फुगलेल्या बॅटऱ्या मी उन्हाळ्यातच जास्त काढतो.

मी कव्हर काढलं, चार्जर काढला, ब्राइटनेस अर्ध्यावर आणला. गेमच्या सेटिंगमध्ये Graphics ला Smooth आणि High FPS ला Normal केलं. या शेवटच्या गोष्टीवर त्याने तोंड वाकडं केलं. मुलांना वाटतं, फ्रेम जास्त मागितल्या की जास्त मिळतात. थंड फोनवर मिळतातही. पण दहा मिनिटांनी तोच फोन तापून अठरा-वीस फ्रेमवर येतो. त्यापेक्षा शेवटपर्यंत टिकणाऱ्या तीस बऱ्या. पंधरा मिनिटं फोन सावलीत निवू दिला, पुन्हा मॅच लावली, तापमान 42 वर थांबलं आणि झटके जवळपास गेले.

माठावर फोन ठेवणारे, फ्रिजमध्ये ठेवणारेही भेटले आहेत. तसं करू नका. गार पृष्ठभागावर दमट हवेचं पाणी धरतं आणि ते फोनच्या आत गेलं की गेम राहते बाजूला, डिस्प्ले बदलावा लागतो. पंख्याची हवा चालेल. कूलरची चालेल, पण तुषार अंगावर येतील इतकं जवळ बसू नका.

झटक्यांचं आणखी एक कारण असतं, तेही फोनचंच. फोन गार असताना, पहिल्याच मिनिटाला, पॅराशूटने उतरताना किंवा नव्या वस्तीत शिरताना गेम क्षणभर थबकते आणि मग सुरळीत होते. हे उष्णतेचं नव्हे, भरलेल्या स्टोरेजचं आणि अपुऱ्या रॅमचं लक्षण. स्वस्त फोनची मेमरी मुळात हळू असते आणि गच्च भरली की आणखी मंदावते. भाच्याच्या 32 जीबीत 600 एमबी शिल्लक होते. बाकी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले शुभ सकाळचे व्हिडिओ. तीन-चार जीबी मोकळे केले.

इथे एक इशारा. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये Clear cache आणि Clear data अशी दोन बटणं शेजारी असतात. पहिलं दाबलं तर फार काही बिघडत नाही. दुसरं दाबलं तर डाउनलोड केलेले नकाशे आणि स्किन पुसले जातात. ते परत उतरवण्यात त्या दिवसाचं नेट जातं, आणि Guest म्हणून लॉगिन असेल तर आयडीसुद्धा जाऊ शकतो.

दुपारचा प्रश्न सुटला म्हणून तो खूश होऊन गेला आणि रात्री नऊला घराच्या धाब्यावरून, म्हणजे छतावरून, फोन. “मामा, पुन्हा तेच!”

मी म्हटलं, “अंगठा फिरव.”

“कॅमेरा तं बराबर फिरून राह्यला. पण पिंग 999 दाखवते.”

आता हा दुसरा आजार. संध्याकाळी सारं गाव एकाच टॉवरवर असतं, कोणी रील बघतं, कोणी क्रिकेट. फोनवर चार दांड्या भरलेल्या असतात, पण दांड्या टॉवरचा आवाज किती मोठा येतो एवढंच सांगतात. तिथे रांग किती लागली आहे, ते त्यात दिसत नाही.

त्याचं मात्र त्याही आधीचं एक कारण निघालं. रोजचे दीड जीबी संपले होते. गेममुळे नाही. खेळायला नेट फार थोडं लागतं, तासाला साधारण शंभर एमबीच्या आतच, कारण चित्रं फोनमध्येच असतात आणि जातायेतात ते फक्त जागेचे आणि गोळ्यांचे निरोप. त्याचा डेटा प्ले स्टोअरने दुपारी आपोआप केलेल्या अपडेटमध्ये आणि रीलमध्ये गेला होता. कोटा संपला की बहुतेक प्लॅनवर वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ केबी. गेम एकटी असती तर ती त्यावर रडतखडत चालली असती. पण मागे व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ उतरत असला की त्या चिंचोळ्या वाटेत बैलगाडी आडवी होते आणि गेमचे निरोप तिच्या मागे उभे राहतात. म्हणून 999.

प्ले स्टोअरच्या Auto-update apps मध्ये मी वाय-फायपुरतंच ठेवायला सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड बंद करवलं. दुसऱ्या रात्री कोटा शिल्लक होता, तेव्हा पिंग 120 ते 200. घरात गेलं की 400. सिग्नल कमी असला की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो आणि त्याने तापतोही. म्हणजे मातीच्या जाड भिंतीआड बसून खेळलं तर एक आजार दुसऱ्यालाही बोलावतो.

राहिला पोर्टचा प्रश्न. दुसरं सिम असलेल्या मित्राला त्याच धाब्यावर, त्याच नऊ वाजता बोलाव, त्याच्या हॉटस्पॉटवर दहा मिनिटं पिंग बघ, असं मी सांगितलं. दिवसा बघून उपयोग नाही, दिवसा सगळीच सिमं चांगली असतात. तिथे आकडा 250 च्या खाली आलाच नाही. पोर्टचं राहून गेलं. त्याचं कव्हर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडलं आहे, न्यायला आला नाही.